स्पायनोडल डिकंपोझिशन की न्यूक्लिएशन अँड ग्रोथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन्ही प्रकारांत शेवटी दोन फेजच मिळतात ना, मग फरक नेमका कशात आहे?

फरक सुरुवातीत आहे, शेवटात नाही. मिसिबिलिटी गॅपमध्ये, म्हणजे दोन घटक एकमेकांत विरघळून राहू शकत नाहीत अशा भागात, आलेलं एकसंध मिश्रण, मग ते अलॉय असो, काच असो की पॉलिमर, शेवटी त्याच दोन कंपोझिशनवर जाऊन थांबतं कारण थर्मोडायनॅमिक्स तेच सांगतं. पण तिथवर पोचायचे दोन रस्ते आहेत. न्यूक्लिएशनमध्ये एखाद्या छोट्याशा जागी एकदम मोठा बदल व्हावा लागतो, म्हणजे काही शे अणूंचा गठ्ठा जवळजवळ शेवटच्या कंपोझिशनचाच तयार होतो आणि मग तो आकाराने वाढत जातो. स्पायनोडलमध्ये उलटं, बदल सगळीकडे एकाच वेळी चालू होतो पण अगदी किंचित, आणि मग तो आकाराने नाही तर तीव्रतेने वाढत जातो. गिब्जने एकोणिसाव्या शतकातच हे दोन वेगवेगळे बदल म्हणून मांडलं होतं, एक जागेने लहान पण प्रमाणाने मोठा, दुसरा जागेने मोठा पण प्रमाणाने लहान. खाली जे काही येतंय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

बायनोडल आणि स्पायनोडल या दोन रेषा येतात कुठून?

दोन्ही फ्री एनर्जीच्या एकाच कर्व्हवरून येतात. सगळ्यात सोपं मॉडेल म्हणजे रेग्युलर सोल्युशन, आणि खरं सांगायचं तर समजून घ्यायला तेवढं पुरतं:

```
G = Ω·x·(1−x) + RT·[x·ln x + (1−x)·ln(1−x)]
d²G/dx² = RT/[x(1−x)] − 2Ω
Tc = Ω/(2R)
```

इथे G म्हणजे मिसळण्याची फ्री एनर्जी, x म्हणजे मिश्रणातलं B चं प्रमाण आणि Ω म्हणजे A आणि B मधल्या आकर्षण-अपकर्षणाचं माप. Ω पॉझिटिव्ह असेल तर A आणि B अणूंना एकमेकांचा शेजार नको असतो, आणि तापमान Tc च्या खाली गेलं की कर्व्हला दोन खड्डे आणि मधे एक उंचवटा येतो. दोन खड्ड्यांना मिळून एकच टँजंट काढली की ती जिथे टेकते ते बायनोडलचे बिंदू. आणि कर्व्हचा बाक जिथे वरून खाली बदलतो, म्हणजे d²G/dx² जिथे शून्य होतं, ते स्पायनोडलचे बिंदू. बायनोडल ते स्पायनोडल हा पट्टा मेटास्टेबल, आणि स्पायनोडलच्या आत अनस्टेबल, बस.

आकडे घालून दाखवा ना, नुसत्या कर्व्हने डोक्यात शिरत नाही.

घेऊ. Tc १००० केल्विन धरा आणि मिश्रण ८०० केल्विनला आणून ठेवलंय असं समजा. Ω/RT मग २.५ येतं. बायनोडल निघते x = ०.१४५ आणि ०.८५५ वर, स्पायनोडल निघते ०.२७६ आणि ०.७२४ वर. आता दोन मिश्रणं घ्या, एक ०.५० चं आणि एक ०.२० चं. पहिलं स्पायनोडलच्या आत आहे, दुसरं दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात.

०.५० वाल्याची फ्री एनर्जी येते उणे ४५३ जूल प्रति मोल. त्यात हलकासा बदल होऊ द्या, अर्धा भाग ०.४० झाला आणि अर्धा ०.६०. एनर्जी झाली उणे ४८६, म्हणजे साधारण ३२ जूलने खाली. अजून पुढे गेलं तर अजून खाली, कुठेच अडथळा नाही, पहिल्या पावलापासून फायदाच फायदा.

आता ०.२० वाला. त्याची एनर्जी उणे ६६८. तसाच हलका बदल, अर्धा ०.१५ आणि अर्धा ०.२५. सरासरी येते उणे ६५७, म्हणजे ११ जूलने वर! हा बदल टिकणारच नाही, डिफ्यूजनने पुसला जाईल. पण याच मिश्रणाने थेट ०.१४५ आणि ०.८५५ अशी फोड केली तर एनर्जी उणे ६९२ होते, म्हणजे २४ जूलचा फायदा आहेच. फायदा आहे पण छोट्या पावलांनी तिथे जाता येत नाही, म्हणून कुठेतरी एखादा गठ्ठा थेट ०.८५ च्या आसपासचा व्हावा लागतो. अणूंच्या नुसत्या गडबडीतून तसं घडायला वेळ लागतो, आणि गठ्ठ्याला पृष्ठभाग असतो त्याची एनर्जी वेगळी मोजावी लागते. न्यूक्लिएशनचा अडथळा म्हणतात तो हाच.

हे गणित कागदावर एकदा स्वतः करून बघा, दहा पानं वाचण्यापेक्षा जास्त कळतं असं माझं स्पष्ट मत आहे.

अपहिल डिफ्यूजन म्हणजे अणू कमी कॉन्सन्ट्रेशनकडून जास्तीकडे जातात, हे नियमाविरुद्ध नाही का?

नाही, कारण अणू कॉन्सन्ट्रेशन बघून जात नाहीत, केमिकल पोटेन्शियल बघून जातात. बहुतेक वेळा दोन्हींचा उतार एकाच दिशेला असतो म्हणून आपल्याला सवय लागलेली असते. स्पायनोडलच्या आत d²G/dx² निगेटिव्ह असतं, त्यामुळे डिफ्यूजन कोइफिशंटचंही चिन्ह उलटतं आणि जिथे B थोडं जास्त आहे तिथेच अजून B येत राहतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण ती बऱ्याच जणांची निसटते. न्यूक्लिएशन झाल्यावर कण वाढतो तेव्हा कणात B भरपूर आणि बाहेर कमी, तरी B आत जातो, म्हणून लोक म्हणतात हेही अपहिलच की. पण नीट बघा, कणाला लागून असलेला मॅट्रिक्सचा, म्हणजे भोवतालच्या मूळ मिश्रणाचा थर B ने रिकामा झालेला असतो, आमच्या उदाहरणात ०.१४५ वर, आणि लांबच्या मॅट्रिक्समध्ये अजून ०.२० आहे. म्हणजे अणू ०.२० कडून ०.१४५ कडे येतायत, अगदी साधं उतारावरचं डिफ्यूजन. उडी फक्त कणाच्या सीमेवर आहे. रिकामा झालेला हा थर ही न्यूक्लिएशनची खूण आहे, सुरुवातीच्या स्पायनोडलमध्ये असा थर नसतो कारण तिथे सीमाच नसते, सगळं हळूवार वरखाली होत असतं.

मग स्पायनोडलमध्ये ठरावीक अंतरावरच पट्टे का दिसतात, सगळ्या आकाराच्या लहरी का वाढत नाहीत?

कारण दोन गोष्टी विरुद्ध दिशांना ओढतात. लहर फार बारीक असेल तर थोड्याशा अंतरात कंपोझिशन झपाट्याने बदलतं आणि त्या उताराचीच एनर्जी द्यावी लागते, म्हणून एका मर्यादेपेक्षा बारीक लहरी वाढूच शकत नाहीत. लहर फार लांब असेल तर वाढायला हरकत काही नाही, पण अणूंना लांबचा प्रवास करावा लागतो म्हणून ती मागे पडते. मधली एक लांबी सगळ्यात वेगाने वाढते आणि तीच डोळ्यांत भरते. हे कान आणि हिलियार्ड यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या ग्रेडियंट एनर्जीवरून निघालं, आणि कानने १९६१ मध्ये ते स्पायनोडलला लावून दाखवलं. हिलर्टचं त्याच विषयावरचं कामही १९६१ मध्येच छापून आलं.

सूत्र सोपं आहे, सगळ्यात वेगवान लहर ही मर्यादेच्या लहरीच्या √2 पट असते. क्वेंच, म्हणजे झटकन थंड करणं, जितका खोल, म्हणजे d²G/dx² जितकं जास्त निगेटिव्ह, तितकी ही लांबी कमी. स्पायनोडल रेषेजवळ जाल तसतशी ती वाढत जाते.

हळूहळू थंड केलं तर स्पायनोडल मिळेल का?

मधोमधचं, म्हणजे क्रिटिकल कंपोझिशनचं मिश्रण असेल तर ते Tc मधून थेट आत शिरतं, मधला पट्टा लागतच नाही. बाकी कुठलंही कंपोझिशन घेतलं की आधी बायनोडल ओलांडावी लागते, मग पट्टा, मग स्पायनोडल. तुम्ही सावकाश आलात तर पट्ट्यातच न्यूक्लिएशन होऊन जाईल आणि स्पायनोडलपर्यंत पोचायला एकसंध मॅट्रिक्स उरणारच नाही. म्हणून प्रयोगात वर सोल्युशन ट्रीटमेंट देऊन जोरात क्वेंच करतात आणि मग खालच्या तापमानाला एजिंग करतात, म्हणजे बराच वेळ तसंच ठेवतात. आणि क्वेंचमध्येच थोडं डिकंपोझिशन होऊन गेलंय का हे आधी तपासायचं, नाहीतर शून्य मिनिटांचा म्हणून घेतलेला नमुना मुळात शून्याचा नसतो आणि पुढचं सगळं विश्लेषण वाकडं जातं.

स्पायनोडलची रेषा खरंच इतकी धारदार आहे का, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते?

कागदावर हो, पदार्थात नाही. ०.२० पासून ०.२७६ कडे सरकत जा आणि क्रिटिकल न्यूक्लियसचं काय होतं ते बघा. बायनोडलजवळ न्यूक्लियस मोठा असतो पण आतून शेवटच्या कंपोझिशनचा आणि कडा धारदार. जसजसं आत जाल तसतशा कडा पसरट होत जातात, मधलं कंपोझिशन कमी कमी होत जातं, आणि स्पायनोडलवर पोचता पोचता न्यूक्लियस म्हणजे नुसता एक रुंद, फिकट फुगवटा उरतो आणि अडथळा शून्यावर येतो. म्हणजे अडथळा तिथे पोचायच्या आधीच इतका कमी झालेला असतो की अणूंची नेहमीची उष्णतेची हालचाल तो सहज पार करते. त्यामुळे रेषेच्या दोन्ही बाजूंना असा भाग असतो जिथे हे न्यूक्लिएशन की स्पायनोडल हा प्रश्नच नीट विचारता येत नाही. रेषा मीन फील्ड मॉडेलची आहे, त्या मॉडेलपुरती खरी आहे, एवढं लक्षात ठेवा म्हणजे पुष्कळ वाद टळतात.

मायक्रोस्कोपचा फोटो बघून ओळखता येतं ना? गुंतलेलं जाळं म्हणजे स्पायनोडल आणि गोल थेंब म्हणजे न्यूक्लिएशन.

नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जाळं दिसतं ते दोन्ही फेजचं व्हॉल्यूम जवळपास सारखं असेल तेव्हा. आपल्याच उदाहरणात ०.३० चं मिश्रण घ्या, ते स्पायनोडलच्या आत आहे, पण लीव्हर रूल लावला तर B ची जास्त असलेली फेज साधारण २२ टक्केच होते, मग ती तुटून थेंबच होणार. उलट न्यूक्लिएशनने तयार झालेले कण भरपूर असतील तर ते एकमेकांना चिकटून गुंतलेलं जाळं तयार करू शकतात. शिवाय उशिराच्या टप्प्यात दोन्ही रस्त्यांनी आलेली रचना जाड होत जाते, आकार साधारण वेळेच्या एक तृतीयांश घाताने वाढतो, आणि सुरुवात कशी झाली याची खूण पुसली जाते. एका फोटोवरून निकाल देणारा रिपोर्ट दिसला तर मी तरी त्यावर विश्वास ठेवत नाही.

मग ओळखायचं कसं?

एकाच तापमानाला वेगवेगळे वेळ ठेवलेले नमुने घ्यायचे आणि प्रश्न एकच विचारायचा: वेळेबरोबर काय वाढतंय, कंपोझिशनमधला फरक की कणांचा आकार? B ची जास्त असलेली जागा पहिल्या नमुन्यापासूनच शेवटच्या कंपोझिशनची असेल आणि फक्त मोठी होत असेल तर न्यूक्लिएशन. अंतर जवळपास तेवढंच राहून कंपोझिशन हळूहळू चढत असेल तर स्पायनोडल.

एक्सरे किंवा न्यूट्रॉनचं स्मॉल अँगल स्कॅटरिंग केलं तर स्पायनोडलच्या सुरुवातीला पीक एका जागी राहून उंच होत जायला हवं, आणि कोअर्सनिंग चालू झालं की ते आत, छोट्या कोनाकडे सरकतं. पण नुसतं पीक दिसलं म्हणजे स्पायनोडल असं नाही, दाट आणि सारख्या अंतरावरच्या कणांमुळेही पीक येतं. आणि जागचं न हलणारं पीक धातूंमध्ये पकडणं अवघड असतं, तो टप्पा फार लवकर निघून जातो.

एखादं खरं उदाहरण सांगा, आकडेवारीसकट.

लोखंड आणि क्रोमियम. फेरिटिक आणि डुप्लेक्स स्टेनलेस स्टीलमध्ये जो ४७५ डिग्रीचा ठिसूळपणा म्हणतात तो यातूनच येतो: फेरिट फुटून लोखंड जास्त असलेलं अल्फा आणि क्रोमियम जास्त असलेलं अल्फा प्राइम तयार होतं, हार्डनेस वाढते आणि इम्पॅक्ट टफनेस पडते. क्रोमियम २० टक्क्यांच्या आसपास असेल तर त्या तापमानाला न्यूक्लिएशन, ३५ ते ४० टक्के असेल तर स्पायनोडल, असं साधारण मानलं जातं. डुप्लेक्सच्या फेरिटमध्ये २५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, म्हणजे नेमकं वादाच्या भागात.

दोन्ही फेज बीसीसी, लॅटिसचा फरक १ टक्क्याहून कमी, आणि लोखंड-क्रोमियम हे आवर्तसारणीतले जवळचे शेजारी, म्हणून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये कॉन्ट्रास्ट जेमतेम मिळतो आणि रचना असते काही नॅनोमीटरची. त्यामुळे लोक अॅटम प्रोबकडे वळतात, हे यंत्र नमुन्यातले अणू एकेक करून मोजतं. समजा ३५ टक्के क्रोमियमचा अलॉय आहे. प्रोबच्या डेटाचे १०० अणूंचे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येकात क्रोमियम किती ते मोजायचं. मिश्रण पूर्ण एकसंध असेल तरी सगळ्या ठोकळ्यांत ३५ येणार नाहीत, नुसत्या योगायोगानेच साधारण ५ ने खालीवर होतील. एजिंग वाढेल तसा हा आलेख दोन्ही बाजूंना हळूहळू रुंद होत गेला तर स्पायनोडल. मुख्य ढीग जागेवर राहिला आणि लांब उजवीकडे ८० च्या पुढे वेगळी छोटी शेपटी उगवली तर न्यूक्लिएशन.

पण इथे एक सापळा आहे. प्रोब सगळे अणू पकडत नाही, निम्मेच पकडले असं धरलं तर १०० अणूंचा ठोकळा म्हणजे खऱ्या नमुन्यातला साधारण १.३ नॅनोमीटर बाजूचा घन. १ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणात मुळात ३५० च्या आसपास अणू. असे कण असतील तर बहुतेक ठोकळे अर्धे कणात आणि अर्धे बाहेर पडतात, त्यांत क्रोमियम मधलंच काहीतरी येतं, आणि शुद्ध न्यूक्लिएशनचा आलेख रुंद होऊन स्पायनोडलसारखा दिसायला लागतो. म्हणून ठोकळ्याचा आकार बदलून बघायचा, आणि सोबत मॉसबाउर स्पेक्ट्रम घ्यायचा. अल्फा प्राइममधलं लोखंड रूम टेंपरेचरला पॅरामॅग्नेटिक असतं, त्याची एकटी रेष मधोमध येते. ती अगदी लवकर उगवली तर न्यूक्लिएशनकडे कल, आणि आधी मॅग्नेटिक भागच हळूहळू पसरत गेला आणि ती रेष उशिरा आली तर स्पायनोडलकडे.

कोहेरंट स्पायनोडल हे वेगळं काय प्रकरण आहे?

घन पदार्थात लॅटिस न तुटता कंपोझिशन बदलायचं असेल तर मोठे आणि छोटे अणू एकाच जाळीत ताणून बसवावे लागतात, त्या ताणाची एनर्जी d²G/dx² मध्ये मिळवावी लागते आणि स्पायनोडल खाली ढकलली जाते. लोखंड-क्रोमियममध्ये फरक कमी म्हणून परिणाम किरकोळ. सोनं-निकेलमध्ये अणूंचा आकार खूप वेगळा, तिथे रेषा कित्येक शे डिग्री खाली जाते. म्हणजे फेज डायग्रामवरून काढलेल्या रेषेच्या आत असूनही अलॉय स्पायनोडलने फुटत नाही, आणि लोकांना वाटतं थिअरी चुकली. ताणामुळे लहरी कुठल्याही दिशेला न वाढता क्रिस्टलच्या मऊ दिशांना वाढतात, बऱ्याच क्युबिक धातूंत घनाच्या कडांच्या दिशेला. द्रवांत आणि काचेत ताण नाही, म्हणून तिथली रचना सगळ्या दिशांना सारखी दिसते.

ठिसूळ झालेलं स्टील परत ठीक करता येतं का, आणि दोन्ही प्रकारांत सारखंच?

येतं. मिसिबिलिटी गॅपच्या वर, साधारण ५५० ते ६०० डिग्रीला थोडा वेळ तापवलं की अल्फा प्राइम विरघळतं, मग पटकन थंड करायचं म्हणजे परत तयार व्हायला वेळ मिळत नाही. विरघळताना रस्ता दोन्हींचा सारखाच, साधं उतारावरचं डिफ्यूजन. फक्त जास्त वेळ आणि जास्त तापमान ठेवलं तर सिग्मा फेज यायला लागते आणि ती आणखी वाईट, म्हणून तापमान आणि वेळ दोन्ही आखडूनच घ्यायचे. आणि ३०० डिग्रीच्या आसपास वर्षानुवर्षं चालणाऱ्या पार्टला हा उपाय करता येत नसेल तर आधीच डुप्लेक्स वापरायचं की नाही ते ठरवावं लागतं, कारण त्या तापमानाला डिफ्यूजन संथ असलं तरी चालू असतं, आणि फेरिट स्पायनोडलच्या आत असेल तर ते थांबवणारा अडथळा कुठलाच नसतो.